निकाल नसलेल्या सामन्याचा हिशेब

10 जून 2019. साउदॅम्प्टनला विश्वचषकाचा सामना, दक्षिण आफ्रिका विरुद्ध वेस्ट इंडीज. वेस्ट इंडीजने नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली. शेल्डन कॉट्रेलच्या चेंडूवर हाशिम अमला 6 धावांवर ख्रिस गेलकडे झेल देऊन गेला, मग एडन मार्करमही कॉट्रेललाच बळी पडला. 7.3 षटकांत 2 बाद 29 झाले आणि पाऊस आला. तो थांबलाच नाही. संध्याकाळी पंचांनी सामना रद्द केला, दोन्ही संघांना एकेक गुण मिळाला आणि धावफलकावर निकालाच्या रकान्यात ‘निकाल नाही’ असं लागलं.

सामना रद्द, म्हणजे सगळ्यांचे पैसे परत, असं आपल्याला सहज वाटतं. ब्रिटनमधल्या परवानाधारक बुकमेकरकडे त्या दिवशी पैसे लावलेल्या माणसाला मात्र एकाच सामन्यातून तीन वेगवेगळी उत्तरं मिळू शकत होती. ‘वेस्ट इंडीज जिंकेल’ ही पैज रद्द होऊन लावलेली रक्कम जशीच्या तशी परत. ‘नाणेफेक वेस्ट इंडीज जिंकेल’ ही पैज जिंकलेली, तिचे पैसे मिळणार. आणि ‘पहिला बळी त्रिफळाचीत असेल’ ही पैज सरळ हरलेली, पैसे गेले. सामन्याला निकाल नव्हता, पण अमला झेलबाद झाला होता, आणि नंतरच्या कितीही पावसाने तो नाबाद होणार नव्हता.

पावसाळी सामन्यांचा सगळा हिशेब या एका भेदावर चालतो. बुकमेकर सामन्याचा हिशेब करत नाही, पैजेचा करतो. एका एकदिवसीय सामन्यावर शेकडो पैजा असतात आणि प्रत्येकीला दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले जातात. पाऊस येण्याआधीच या पैजेचं उत्तर ठरलं होतं का? ठरलं असेल तर विषय संपला. ठरलं नसेल, तर दुसरा प्रश्न: अधिकृत निकाल लागला का, आणि या पैजेपुरता पुरेसा खेळ झाला का? पुरेसा म्हणजे किती, हे बुकमेकरच्या नियमावलीत आधीच लिहिलेलं असतं. ती नियमावली कोणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

सगळ्यांत साधी पैज विजेत्याची, आणि लोकांची सगळ्यांत जास्त निराशा तीच करते. नियम असा की स्पर्धेच्या नियमांनुसार अधिकृत विजेता जाहीर झाला की पैज उभी राहते. सामना किती आखडला याच्याशी तिला देणंघेणं नसतं. एकदिवसीय सामन्यात दोन्ही संघांना किमान 20 षटकं खेळायला मिळाली, टी-ट्वेंटीत साधारणपणे 5 षटकं मिळाली, की निकाल लागू शकतो. तुम्ही 50 षटकांचा सामना गृहीत धरून बलाढ्य संघावर पैसे लावले असतील, आणि प्रत्यक्षात दुसऱ्या संघाला ओल्या मैदानावर 20 षटकांत काहीतरी विचित्र लक्ष्य गाठायला दिलं गेलं असेल, तरी पैज तीच. ‘हा सामना मी ज्यावर पैसे लावले तो नव्हेच’ हा युक्तिवाद कोणी ऐकत नाही. एक अपवाद बऱ्याच नियमावल्यांत सापडतो: विजेता नुसत्या नाणेफेकीने, किंवा गोलंदाजांनी रिकाम्या यष्टींवर नेम धरून ठरवला गेला, तर पैजा रद्द. ते क्रिकेट नव्हे, एवढं बुकमेकरही मान्य करतात.

लक्ष्य आखडलं की डकवर्थ-लुईस येतं. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांची ही पद्धत आंतरराष्ट्रीय सामन्यात पहिल्यांदा 1 जानेवारी 1997 ला, झिंबाब्वे-इंग्लंड लढतीत वापरली गेली. पुढे स्टीव्हन स्टर्न यांचं नाव तिला जोडलं गेलं. उरलेली षटकं आणि हातातले गडी ही फलंदाजी करणाऱ्या संघाची साधनसंपत्ती मानायची आणि ती पावसाने किती कापली त्या प्रमाणात लक्ष्य बदलायचं, एवढं तिचं सार. पैज लावणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की पाठलाग चालू असताना प्रत्येक टप्प्यावर एक बरोबरीची धावसंख्या तयार असते. आत्ता पाऊस आला तर इतक्या धावांवर सामना बरोबरीत, एक जास्त तर विजय, एक कमी तर पराभव.

या एका धावेची किंमत 3 मार्च 2003 ला डर्बनमध्ये दिसली. विश्वचषक, यजमान दक्षिण आफ्रिका विरुद्ध श्रीलंका. श्रीलंकेच्या 9 बाद 268. पाठलाग करताना पाऊस भुरभुरू लागला आणि मार्क बाउचरला ड्रेसिंग रूममधून निरोप आला: 45वं षटक संपेपर्यंत 229 करा. त्याने मुरलीधरनला षटकार मारला, 229 झाले, आणि षटकाचा शेवटचा चेंडू त्याने निवांतपणे तटवून काढला. जोराच्या पावसाने खेळ तिथेच थांबला. 229 हा विजयाचा आकडा नव्हता, बरोबरीचा होता. सामना बरोबरीत सुटला आणि यजमान स्पर्धेबाहेर गेले.

अशा वेळी विजेत्याच्या पैजेचं काय? बरोबरीसाठी वेगळा भाव दिलेला नसेल, तर ब्रिटिश बुकमेकर सहसा घोड्यांच्या शर्यतीतला ‘डेड हीट’चा नियम लावतात. दोन घोडे एकाच क्षणी रेषा ओलांडतात तेव्हा लावलेल्या रकमेचे दोन भाग होतात. एक भाग जिंकला असं मानून पूर्ण भावाने पैसे देतात, दुसरा हरला असं धरतात. समजा कोणी दक्षिण आफ्रिकेवर 1.50 च्या भावाने 10 पौंड लावले होते. भाव 1.50 म्हणजे जिंकल्यास मूळ रक्कम धरून 15 पौंड हातात. बरोबरीत 5 पौंडांवर 1.50, म्हणजे साडेसात पौंड मिळाले. संघ हरला नाही, तरी अडीच पौंड गेले. आता बऱ्याच स्पर्धांत बरोबरी झाली की सुपर ओव्हर होते आणि तिचा निकाल विजेत्याच्या पैजेला धरतात. पण पाऊस इतका असेल की सुपर ओव्हरही होऊ शकत नाही, तर गाडी पुन्हा डेड हीटवर येते.

कसोटीचा प्रकार याहून निराळा, आणि नवख्या माणसाला अन्यायाचा वाटेल असा. जुलै 2023 मध्ये मँचेस्टरला अ‍ॅशेस मालिकेची चौथी कसोटी होती. इंग्लंडने ऑस्ट्रेलियाच्या 317 ला 592 ने उत्तर दिलं, झॅक क्रॉलीच्या 189 धावा, आणि दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलिया 5 बाद 214, अजून 61 धावांनी मागे. चौथ्या दिवशी जेमतेम 30 षटकं झाली, पाचव्या दिवशी एकही चेंडू पडला नाही. इंग्लंडवर पैसे लावलेल्यांना वाटलं असणार की पावसाने खेळ खाल्ला, तेव्हा आपले पैसे तरी परत मिळावेत. मिळाले नाहीत. कसोटीत अनिर्णित हाच एक निकाल आहे. भाव तीन असतात, हा संघ, तो संघ आणि अनिर्णित. पाऊस त्या तिसऱ्या भावात आधीच मोजलेला असतो, म्हणून तर हवामानखात्याचा अंदाज बिघडला की अनिर्णितचा भाव घसरत जातो. ज्यांनी ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजीपेक्षा मँचेस्टरच्या आभाळावर जास्त विश्वास टाकला, ते जिंकले. कसोटीत पैसे परत मिळायला बहुधा पाचही दिवस एकही चेंडू पडायला नको.

खरी गुंतागुंत धावांच्या पैजांत आहे. ‘अमुक संघ इतक्या धावांपेक्षा जास्त करेल की कमी’ अशी ही पैज. आकडा नेहमी अर्धा ठेवतात, 230.5 वगैरे, म्हणजे बरोबरीचा प्रश्नच येत नाही. आता डावाची षटकंच कमी झाली, तर 50 षटकांसाठी ठरवलेल्या या आकड्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून नियम येतो. तो सगळीकडे सारखा नाही, पण एक प्रचलित नियम असा: पैज लावली त्या वेळी जितकी षटकं ठरलेली होती, त्यांतली किमान 80 टक्के टाकता आली पाहिजेत, नाहीतर पैज रद्द. अर्थात संघ आधीच सर्वबाद झाला किंवा आकडा आधीच ओलांडला गेला, तर उत्तर ठरलेलं आहे.

2023 च्या आयपीएल अंतिम सामन्याला हा नियम लावून पाहा. अहमदाबादला 28 मेचा दिवस पावसात गेला, सामना 29 तारखेच्या राखीव दिवशी झाला. गुजरात टायटन्सने 20 षटकांत 4 बाद 214 केल्या, साई सुदर्शन 96. हा डाव पूर्ण झाला, तेव्हा गुजरातच्या धावांवरच्या सगळ्या पैजा उभ्या. चेन्नई सुपर किंग्जच्या डावाचे तीनच चेंडू झाले आणि पुन्हा पाऊस. मध्यरात्र उलटून गेल्यावर खेळ सुरू झाला तेव्हा लक्ष्य होतं 15 षटकांत 171. शेवटच्या दोन चेंडूंवर रवींद्र जडेजाने षटकार आणि चौकार मारला आणि चेन्नई जिंकली. विजेत्याची पैज उभी: चेन्नई. चेन्नईतून सर्वाधिक धावा कोण करेल ही पैजही बहुतेक ठिकाणी उभी, कारण तिला टी-ट्वेंटीत सहसा पाचेक षटकं पुरतात. 47 धावा करणारा डेव्हन कॉनवे तिचा विजेता. पण ‘चेन्नई इतक्या धावांपेक्षा कमी करेल’ ही सामन्याआधी लावलेली पैज? ती 20 षटकांच्या डावावर होती. 20 चे 80 टक्के म्हणजे 16, आणि टाकली गेली 15. एका षटकाने रद्द. तीच पैज कोणी खेळ पुन्हा सुरू झाल्यावर, 15 षटकं ठरल्यानंतर लावली असेल, तर मात्र ती उभी. दोघांच्या चिठ्ठीवर सामना तोच, संघ तोच; फरक फक्त पैज लावल्याच्या वेळेचा.

या नियमात एक कल आहे, तो लक्षात ठेवण्यासारखा. ‘जास्त’ची पैज पावसाच्या आधी जिंकता येते: 231 वी धाव निघाली की काम झालं, मग आभाळ फाटलं तरी चालेल. ‘कमी’ची पैज मात्र डाव संपेपर्यंत किंवा संघ सर्वबाद होईपर्यंत अधांतरी लटकते. म्हणजे ढगाळ दिवशी ‘जास्त’वाल्याला पाऊस फारसा नडत नाही, आकडा ओलांडून झाल्यावर आला तर त्याचे पैसे पक्के असतात आणि लवकर आला तर परत मिळतात. ‘कमी’वाल्याची मात्र जिंकत आलेली पैज वाहून जाऊ शकते. हे आपल्याला कळतं म्हणून खूश होऊ नये. बुकमेकरला ते आधीच कळलेलं असतं आणि आकडा ठरवताना त्याने ते धरलेलं असतं.

आता 2019 च्या मँचेस्टरच्या उपांत्य सामन्याकडे येऊ, जो भारतीय वाचकाला विसरणं अवघड आहे. 9 जुलैला न्यूझीलंड 46.1 षटकांत 5 बाद 211 वर असताना पाऊस आला. रॉस टेलर 67 वर नाबाद होता. केन विल्यमसन आधीच बाद झाला होता, तोही 67 वर. दिवसभर पाऊस थांबायची वाट पाहिली गेली आणि शेवटी सामना राखीव दिवशी ढकलला. विश्वचषकाच्या नियमांत राखीव दिवस म्हणजे नवा सामना नव्हे, जिथे थांबलो तिथूनच पुढे. त्यामुळे पैजाही तिथूनच पुढे. रात्रभर कोणाचा हिशेब झाला नाही.

पण त्या संध्याकाळी दोनेक तास उघडीप मिळाली असती, तर? न्यूझीलंडचा डाव 211 वरच संपला असता आणि भारतासमोर 20 षटकांत 148 चं लक्ष्य आलं असतं. त्या संध्याकाळी हा आकडा घरोघरी घोकला जात होता. समजा कोणी ‘न्यूझीलंड 230.5 पेक्षा कमी’ असं लावलं होतं. 50 पैकी 46 षटकं झाली होती, म्हणजे 80 टक्क्यांची अट पुरी, आणि 211 म्हणजे कमी. तो जिंकला असता. न्यूझीलंडचा सर्वाधिक धावांचा फलंदाज म्हणून टेलरवर 4.0 च्या भावाने 10 पौंड लावणाऱ्याला मात्र फटका बसला असता: टेलर आणि विल्यमसन दोघेही 67, म्हणजे डेड हीट, पाच पौंडांवर चारपट, 20 पौंड.

प्रत्यक्षात 10 जुलैला उरलेले 23 चेंडू टाकले गेले. टेलर 74 वर जडेजाच्या थेट फेकीवर धावबाद झाला, पण विल्यमसनच्या पुढे जाऊन. त्याच्यावर लावणाऱ्याला पूर्ण 40 पौंड. न्यूझीलंडच्या 8 बाद 239 झाल्या आणि ‘कमी’वाला हरला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. भारत 49.3 षटकांत 221 वर सर्वबाद, 18 धावांनी पराभव, आणि ‘भारत जिंकेल’ म्हणणाऱ्यांच्या पैजा पावसाने रद्दही झाल्या नाहीत. त्याच स्पर्धेत 13 जूनला नॉटिंगहॅमला याच दोन संघांचा साखळी सामना नाणेफेकही न होता वाहून गेला होता. तिथे राखीव दिवस नव्हता आणि सामन्यावरच्या पैजा परत झाल्या होत्या. मात्र त्या दिवशी वाटून मिळालेला एक गुण न्यूझीलंडच्या खात्यात राहिला. साखळीअखेर न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे 11 गुण झाले आणि धावगतीवर न्यूझीलंड उपांत्य फेरीत गेलं. ‘पाकिस्तान उपांत्य फेरी गाठेल’ या पैजेला कोणी पाऊस म्हणून सूट दिली नाही. स्पर्धेवर लावलेली पैज गुणतक्ता बघते, आणि पावसाने वाटलेला गुण तक्त्यात इतर गुणांसारखाच असतो.

एकत्र गुंफलेल्या पैजांबद्दल थोडक्यात. तीन सामन्यांचे विजेते एका चिठ्ठीत, भाव 1.80, 2.00 आणि 1.50, तिन्ही बरोबर आले तर भावांचा गुणाकार 5.4, म्हणजे 10 पौंडांचे 54. मधला सामना वाहून गेला तर अख्खी चिठ्ठी रद्द होत नाही. त्या सामन्याचा भाव 1 धरतात, गुणाकार 2.7 होतो आणि बाकीचे दोन बरोबर आल्यास 27 पौंड मिळतात. बाकीच्या दोघांतला एक जरी चुकला, तरी सगळं गेलं. वाहून गेलेल्या सामन्याच्या वाट्याचे पैसे वेगळे परत मिळत नाहीत. सगळ्यात जास्त तक्रारी इथे व्हाव्यात, यात नवल नाही.

तक्रार करायला तिथे जागा आहे. बुकमेकरने स्वतःच्या नियमावलीप्रमाणे हिशेब केला नाही असं वाटलं, तर आधी त्याच्याकडेच, मग त्रयस्थ लवादाकडे जाता येतं. 1845 च्या एका कायद्याने इंग्लंडमध्ये पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नव्हते. 2005 चा जुगार कायदा सप्टेंबर 2007 मध्ये लागू झाला तेव्हापासून कायदेशीर पैज हा इतर करारांसारखाच करार मानला जातो. लवाद नियमावलीतली वाक्यं आणि धावफलक समोर ठेवतो. कोणता संघ जिंकायला हवा होता, यात त्याला रस नसतो.

भारतात मात्र तो जुना इंग्रजी विचारच टिकून आहे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 पैजेचा करार निरर्थक ठरवतं. त्यातला अपवाद घोड्यांच्या शर्यतींचा आहे, तोही 500 रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसाच्या. महाराष्ट्रात 1887 चा जुगारप्रतिबंधक कायदा आहे, आणि 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. त्यामुळे फोनवर ‘सेशन’ लावणाऱ्याच्या सहाव्या षटकाआधी पाऊस आला, तर किती षटकं पुरेशी आणि पैसे परत की बुडाले, हे पलीकडचा बुकी म्हणेल तसं. त्याच्याकडे छापील नियमावली नसते, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन जायचं तर आधी स्वतःचा गुन्हा कबूल करावा लागतो.